एकपानी टिपण परत येतंय, किंवा बिल टिपणाशी जुळत नाही: दोष कुठे शोधायचा

तक्रार साधारण अशी असते. पुरवठादाराचा ऐंशी-नव्वद पानांचा प्रस्ताव येतो. मॅनेजरना तो वाचायला वेळ नसतो, म्हणून "एका पानात मांडून दे" असं काम आपल्याकडे येतं. आपण दोन दिवस घालून पान तयार करतो. दुसऱ्या दिवशी ते परत येतं आणि वर पेनाने लिहिलेलं असतं, "एकूण किती?" आपण दुरुस्त करून पाठवतो, तर पुन्हा प्रश्न येतो, "यात ट्रेनिंग धरलंय का?" असं तीन-चार वेळा होतं.

याचा दुसरा प्रकार जास्त महागात पडतो. पान परत येतच नाही, त्यावर सही होते, आणि चार महिन्यांनी जे बिल येतं ते पानावरच्या आकड्याशी जुळत नाही.

मी खरेदी विभागात आहे आणि हे दोन्ही प्रकार माझ्या हातून झालेले आहेत. दुसरा झाला तेव्हा मॅडमनी मला बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही. माझं पान आणि पहिलं बिल शेजारी शेजारी ठेवलं आणि विचारलं, "अगं, हा आकडा तू कुठून घेतलास?" मी प्रस्तावाचं तिसरं पान उघडून दाखवलं. आकडा तिथे ठळक अक्षरात छापलेला होता, मी तो जसाच्या तसा उतरवला होता. त्या म्हणाल्या, "हे त्यांनी आपल्याला सांगितलेलं आहे. आपण काय देणार ते कुठे लिहिलंय?" ते एकसष्टाव्या पानापासून पुढे विखुरलेलं होतं, आणि तिथपर्यंत पोचेस्तोवर मी नुसती पानं उलटत होते.

दोष कशात असतो

पान परत आलं की आपण आधी भाषा दुरुस्त करतो. वाक्यं लहान करतो, मुद्दे ठळक करतो, तक्ता घालतो. त्याने फरक पडत नाही, कारण बहुतेक वेळा बिघाड लिहिण्यात नसून वाचण्याच्या क्रमात असतो.

प्रस्ताव विक्रीसाठी लिहिलेला असतो. सुरुवातीला कंपनीची ओळख, मग आपली गरज त्यांच्या शब्दांत, मग उपाय, त्याचे फायदे, आणि मध्येच एक गोल, सुटसुटीत किंमत. किंमत ज्यावर उभी आहे ती गृहीतकं, व्याख्या, वगळलेल्या गोष्टी आणि करारातल्या अटी परिशिष्टांत जातात. यात लबाडी असतेच असं नाही. अशा कागदाची रचनाच तशी असते. पण आपण पहिल्या पानापासून वाचत नोंदी काढत गेलो, तर आपलं टिपणही त्याच क्रमाने तयार होतं. पुरवठादाराने स्वतः दिलेला सारांशच आपण आणखी लहान केलेला असतो.

हे आपल्या पानात झालंय का, ते ओळखायची खूण सोपी आहे. पानावरच्या प्रत्येक आकड्यापुढे तो प्रस्तावाच्या कुठल्या पानावर आहे ते पेन्सिलीने लिहा. सगळे आकडे पहिल्या दहा-पंधरा पानांतले निघाले, तर टिपण त्यांचं आहे, तुमचं नाही. माझ्या त्या पानावर पाच आकडे होते आणि पाचही पहिल्या नऊ पानांतले होते.

दुरुस्ती: मागून पुढे वाचा

आता मी प्रस्ताव हातात आला की आधी दरांचा तक्ता शोधते. तिथून गृहीतकं, मग "यात समाविष्ट नाही" ही यादी, मग व्याख्या, मग अटी. उपायाचं वर्णन सर्वांत शेवटी. या क्रमाने वाचलं की "उत्तम सपोर्ट दिला जाईल" असं वाक्य पुढे येतं तेव्हा आपल्याला आधीच माहीत असतं की तो सपोर्ट कार्यालयीन वेळेतला आहे आणि रात्रीच्या सपोर्टचे पैसे वेगळे आहेत.

प्रस्ताव इंग्रजीत आणि पीडीएफ स्वरूपात असेल, तर वाचायच्या आधी मी काही शब्द Ctrl+F ने शोधून घेते:

```
up to
minimum
excluding
subject to
then-current
per
renew
```

यातला प्रत्येक शब्द कुठे ना कुठे पैशाला जोडलेला असतो. up to दिसलं की समावेशाची मर्यादा आली, तिच्यापुढे पैसे. minimum दिसलं की वापर कमी झाला तरी द्यावी लागणारी रक्कम. then-current हा सर्वांत बारकाईने बघायचा, कारण "त्या वेळच्या प्रचलित दराने" याचा अर्थ दर आज ठरलेलाच नाही. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये शोध चालत नाही. तेव्हा "काही सापडलं नाही" म्हणून निर्धास्त होऊ नका. आधी पानावर डोळ्यांना दिसणारा एखादा शब्द शोधून बघा. तोही सापडला नाही तर फाइल नुसतं चित्र आहे, आणि ती पुरवठादाराकडून नीट मागून घ्यायची.

एक प्रस्ताव उलगडून बघू

ग्राहकांच्या तक्रारी नोंदवून त्यांचा पाठपुरावा करणाऱ्या सॉफ्टवेअरचा ८४ पानांचा प्रस्ताव धरू, करार तीन वर्षांचा. आकडे मी समजायला सोपे जावेत असे गोल घेतले आहेत, पण रचना अशा प्रस्तावांत नेहमी दिसते तीच आहे.

पान ३ वर लिहिलंय: वार्षिक शुल्क १२ लाख. वाचणारा मनात तिनाने गुणतो आणि ३६ लाखांवर येतो.

पान ६१ वरचा दरांचा तक्ता सांगतो की दर वापरकर्त्यामागे महिन्याला ५०० आहे आणि किमान २०० वापरकर्त्यांचे पैसे द्यावेच लागतील. २०० गुणिले ५०० गुणिले १२ महिने, म्हणजे १२ लाख. तिसऱ्या पानावरचा आकडा खोटा नाही, तो किमान आकडा आहे. त्याच तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय की दुसऱ्या वर्षापासून हा दर दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढेल.

पान ७० वर व्याख्या आहेत. "वापरकर्ता म्हणजे ज्याच्या नावाने लॉगिन आहे अशी कोणतीही व्यक्ती." इथे थांबायला हवं. तक्रारींवर काम करणारी माणसं २०० आहेत. पण विभागप्रमुख आणि वरचे अधिकारी मिळून आणखी ६० जण फक्त अहवाल बघणार आहेत. महिन्यातून एकदा बघतील, पण लॉगिन त्यांनाही लागेल. व्याख्येप्रमाणे वापरकर्ते २०० नसून २६० होतात.

आता तीन वर्षांचं शुल्क एक्सेलमध्ये असं निघतं:

```
=260*500*12*(1+1.08+1.08^2)
```

उत्तर येतं ५०.६४ लाख. छत्तीसचे पन्नास झाले, आणि अजून आपण फक्त लॉगिनचेच पैसे मोजतोय.

पान ६६ वरची गृहीतकं वाचली की तीन रकमा आणखी निघतात. प्रणाली उभी करण्याचे एकरकमी ६ लाख. जुन्या नोंदी नव्या प्रणालीत आणण्याचं काम "५० हजार नोंदींपर्यंत" समाविष्ट आणि पुढे दर हजार नोंदींना १,५००. आपल्याकडे नोंदी आहेत २ लाख ३० हजार, म्हणजे १८० हजार नोंदी जास्तीच्या, त्यांचे २.७ लाख. ट्रेनिंगची दोन सत्रं समाविष्ट आहेत, पण २६० माणसांना सहा लागतील. उरलेल्या चार सत्रांचे प्रत्येकी २५ हजार, म्हणजे १ लाख.

नोंदी किती आहेत हे प्रस्तावात नसतं, ते आपल्या घरात विचारावं लागतं. मी आयटीच्या सहकाऱ्याला फोन केला की तो पाच मिनिटांत आकडा देतो. पण हा फोन करायचं सुचतंच नाही, कारण प्रस्तावात "डेटा मायग्रेशन समाविष्ट" असं लिहिलेलं असतं आणि त्या तीन शब्दांनी मन शांत होतं.

पान ७४ वर सपोर्ट. मूळ शुल्कात फक्त कार्यालयीन वेळेतला सपोर्ट आहे. चोवीस तासांचा हवा असेल तर वार्षिक शुल्काच्या १५ टक्के जादा. तक्रारी रात्रीही येतात, म्हणजे तो लागणारच. तीन वर्षांचे ७.६ लाख.

बेरीज ६७.९४ लाख. म्हणजे जवळजवळ ६८, कर वेगळे. तिसऱ्या पानावरून मनात तयार झालेल्या ३६ च्या हे दुप्पटीला थोडंच कमी आहे, आणि यात एकही रक्कम लपवलेली नव्हती.

आता उलट हिशोब करून बघण्यासारखा आहे. समजा पुरवठादाराने मान्य केलं की नुसते अहवाल बघणारे ६० जण वापरकर्ते धरायचे नाहीत. मग शुल्क ३८.९६ लाखांवर येतं, त्यावरचा सपोर्टही कमी होतो, आणि एकूण खर्च ५४.५ लाख होतो. "वापरकर्ता" या एका शब्दाच्या व्याख्येची किंमत १३.४ लाख आहे. मॅनेजरना एका पानात काय हवं असतं, तर हे. फायद्यांची यादी त्यांना विक्रेत्याच्या सादरीकरणात मिळालेलीच असते.

आणखी एक आकडा मी आता न विसरता काढते, तो म्हणजे पहिल्या वर्षी प्रत्यक्ष हातातून जाणारी रक्कम. मॅनेजरचं बजेट वर्षाचं असतं आणि एकरकमी खर्च सगळे पहिल्याच वर्षात पडतात. इथे शुल्क १५.६, सपोर्ट २.३४, उभारणी ६, नोंदी २.७ आणि ट्रेनिंग १ मिळून २७.६ लाख होतात. "वार्षिक १२ लाख" वाचून ज्यांनी १२ ची तरतूद केली, त्यांना पहिल्याच वर्षी दुपटीहून जास्त लागणार आहेत. बिल जुळत नाही ही तक्रार बहुतेक वेळा इथे जन्म घेते.

धोके: "करार काळजीपूर्वक तपासावा" असं लिहू नका

किमतीनंतर पान परत येण्याचं दुसरं कारण म्हणजे धोक्यांचा रकाना. मी पूर्वी तिथे "पुरवठादारावर अवलंबित्व", "डेटा सुरक्षेचा धोका", "अंमलबजावणीत विलंब संभवतो" असं लिहायचे. ही वाक्यं कुठल्याही प्रस्तावाला चालतात, म्हणून या प्रस्तावाबद्दल ती काहीच सांगत नाहीत. मॅडम त्यांच्यापुढे नुसतं प्रश्नचिन्ह काढायच्या.

आता मी धोका पानावर घ्यायच्या आधी बघते की त्याला रक्कम आहे का, तारीख आहे का, आणि सही होण्याआधी तो बदलून घेता येईल का. यातलं एकही नसेल तर तो पानावर येत नाही. या प्रस्तावात असे तीन निघाले.

पहिला, प्रणाली बंद पडण्याचा. प्रस्ताव म्हणतो की उपलब्धता महिन्याला ९९.५ टक्के राहील. ऐकायला भक्कम वाटतं. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात, त्याचा अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. तेवढा वेळ प्रणाली बंद राहिली तरी करार मोडत नाही, शिवाय आधी कळवून केलेली देखभाल यात मोजलेलीच नाही. हद्द ओलांडली तर भरपाई त्या महिन्याच्या शुल्काच्या ५ टक्के. महिन्याचं शुल्क १ लाख ३० हजार, म्हणजे भरपाई ६,५००. प्रणाली अख्खा दिवस बंद राहिली तरी तेवढीच. ही ओळ लिहिली की मॅनेजर स्वतःच विचारतात, दिवसभर तक्रारी नोंदल्या गेल्या नाहीत तर आपलं किती जातं? त्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे असतं, माझ्याकडे नसतं. माझं काम ६,५०० हा आकडा त्यांच्यासमोर ठेवण्याचं.

दुसरा, करार आपोआप वाढण्याचा. संपण्याच्या ९० दिवस आधी लेखी कळवलं नाही तर करार आणखी एका वर्षासाठी वाढतो. करार ३० जूनला संपत असेल तर शेवटची तारीख १ एप्रिल येते. चुकली तर चौथं वर्ष गळ्यात पडतं, आणि त्याच ८ टक्के वाढीने धरलं तर ते सपोर्टसकट २२.६ लाखांचं होतं. पानावर "९० दिवस" लिहून उपयोग नाही, तारीखच लिहावी. दिवस मोजण्याचं काम वाचणाऱ्यावर सोडलं की ते कोणीच करत नाही.

तिसरा, बाहेर पडण्याचा. करार संपल्यावर आपल्या नोंदी परत मिळतील, पण त्याचं शुल्क "त्या वेळच्या प्रचलित दराने". इथे रक्कम काढताच येत नाही, आणि तोच धोका आहे. अशा ठिकाणी अंदाजाने आकडा घालू नका. "दर ठरलेला नाही, सहीआधी लेखी दर मागावा" एवढंच लिहा. आज पुरवठादाराला काम हवंय म्हणून तो दर देईल. तीन वर्षांनी आपल्याला नोंदी हव्या असतील.

जबाबदारीची कमाल मर्यादा, वाद कुठल्या न्यायालयात जाईल, गोपनीयता असे मुद्दे मी पानावर स्वतः उलगडत नाही. "कलम अमुक, विधी विभागाने बघावं" एवढी नोंद करते. कलमाचा अर्थ मी माझ्या शब्दांत लिहिला आणि तो चुकला, तर त्या पानावर विसंबून सही झालेली असेल.

आकडा सापडत नाही तेव्हा

प्रत्येक प्रस्तावात काही जागा रिकाम्या असतात. पहिली चूक म्हणजे त्या गाळून टाकणं, आणि दुसरी म्हणजे फोनवर विचारून मिळालेलं उत्तर पानावर चढवणं. विक्री प्रतिनिधी फोनवर मनापासून म्हणतो, "मॅडम, ते अहवालवाले लॉगिन आम्ही मोजत नाही, काळजी करू नका." तो खरंच बोलत असेल. पण बिल काढणारा माणूस वेगळा असतो आणि त्याच्यासमोर सत्तरावं पान असतं.

म्हणून प्रश्न ईमेलवर, क्रमांक घालून, पान क्रमांकासकट पाठवायचे. "पान ७० वरील व्याख्येनुसार केवळ अहवाल पाहणारे लॉगिन शुल्कपात्र आहेत का? हो किंवा नाही कळवावं. नाही असल्यास सुधारित व्याख्या पाठवावी." उत्तर येईपर्यंत पानावर प्रस्तावात लिहिलेलंच धरायचं, म्हणजे जास्तीचा आकडा, आणि शेजारी "लेखी उत्तर बाकी" असं लिहायचं. प्रश्न पाच-सहाच असावेत. वीस प्रश्न पाठवले की उत्तर एकाच वाक्यात येतं: "सविस्तर चर्चेसाठी भेटू या."

पान प्रत्यक्षात असं दिसतं

वरच्या प्रस्तावाचं टिपण मी असं लिहीन. निर्णय सर्वांत वर, कारण मॅनेजर पान उचलतात तेव्हा त्यांना आधी हे हवं असतं की माझ्याकडून काय पाहिजे.

> विषय: तक्रार नोंदणी प्रणाली, तीन वर्षांचा करार
>
> आपल्याकडून हवं: दोन बदल मान्य झाल्यास मंजुरी. प्रस्ताव ३१ मेपर्यंतच वैध आहे.
>
> खर्च: तीन वर्षांत ६८ लाख, त्यातले पहिल्या वर्षी २७.६ लाख. कर वेगळे. प्रस्तावात ठळक दिलेले "वार्षिक १२ लाख" हे किमान २०० वापरकर्त्यांचं पहिल्या वर्षाचं शुल्क आहे (पान ३, ६१).
>
> आकडा कसा आला: २६० वापरकर्त्यांचं शुल्क, दरवर्षी ८ टक्के वाढीसह, ५०.६ (पान ६१, ७०). उभारणी ६, जुन्या नोंदी २.७, जादा ट्रेनिंग १ (पान ६६). चोवीस तास सपोर्ट ७.६ (पान ७४). सर्व आकडे लाखांत.
>
> सहीआधी मागायचे बदल: (१) फक्त अहवाल पाहणारे ६० जण शुल्कातून वगळावेत. मान्य झाल्यास एकूण खर्च ५४.५ लाख. लेखी उत्तर बाकी. (२) करार संपल्यावर नोंदी परत देण्याचा दर आत्ताच ठरवावा (पान ८२). सध्या दर दिलेला नाही.
>
> धोके: प्रणाली ठरल्यापेक्षा जास्त वेळ बंद राहिल्यास भरपाई महिन्याला ६,५०० एवढीच (पान ७४). १ एप्रिलपर्यंत लेखी न कळवल्यास करार एक वर्ष वाढतो, खर्च अंदाजे २२.६ लाख (पान ७९). जबाबदारीच्या मर्यादेचं कलम विधी विभागाकडे दिलं आहे.
>
> शिफारस: दोन्ही बदल मान्य झाल्यास घ्यावं. न झाल्यास दुसऱ्या पुरवठादाराचा दर मागवावा.

यात उपायाचं वर्णन नाही, पुरवठादाराची ओळख नाही. सुरुवातीला मला हे पान उघडंबोडकं वाटायचं. पण प्रणाली काय करते हे मॅनेजरना माहीत असतं, म्हणून तर प्रस्ताव मागवला. तांत्रिक बाजूबद्दल शंका असेल तर तो वेगळा कागद आहे.

शिफारशीची ओळ लिहायला हात कचरतो, हेही मला माहीत आहे. "निर्णय आपण घ्यावा" असं लिहून सुटावंसं वाटतं. पण चौऱ्याऐंशी पानं वाचलेली तुम्ही एकट्याच आहात. मत न लिहिलेलं पान हमखास "तुझं काय म्हणणं?" असा शेरा घेऊन परत येतं.

पाठवायच्या आधीची तपासणी

पान अकाउंट्समधल्या एखाद्या सहकाऱ्याला द्यायचं, ज्याने प्रस्ताव पाहिलेला नाही. दोन मिनिटांनी पान काढून घ्यायचं आणि विचारायचं: एकूण किती द्यायचेत, या वर्षी किती लागतील, आणि सही कशावर अडली आहे? तिन्हीची उत्तरं आली तर पान चालेल. "एकूण" विचारल्यावर तो "वार्षिक १२" म्हणाला तर तो जुना आकडा पानावर फार वर आला आहे. एकदा माझ्या पानात तो पहिल्याच ओळीत होता आणि खरा आकडा चौथ्या ओळीत. लक्षात पहिलाच राहिला. त्यानंतर मी पुरवठादाराचा आकडा नेहमी आपल्या आकड्याच्या नंतरच लिहिते. पण गाळत मात्र नाही, कारण मॅनेजरनी तो कुठेतरी ऐकलेला असतो आणि दोन्हींतला फरक त्यांना समजायला हवा.

तरीही परत आलं तर

शेरा काय आहे त्यावरून बिघाड कळतो. "हे कुठून आलं?" असेल तर पान क्रमांक सुटले आहेत. "मग करायचं काय?" असेल तर वरची "आपल्याकडून हवं" ही ओळ मोघम आहे. "बाकीच्यांचं काय?" असेल तर तुलना हवी आहे, आणि ती करताना प्रत्येक पुरवठादाराचा तीन वर्षांचा आकडा याच पद्धतीने काढावा लागतो. एकाचे आपण काढलेले ६८ आणि दुसऱ्याचे त्याच्या तिसऱ्या पानावरचे ४० शेजारी ठेवले, तर जो प्रस्ताव आपण जास्त बारकाईने वाचला तोच महाग दिसतो.

शेवटची एक अडचण दुसऱ्या आवृत्तीची. पुरवठादाराचं उत्तर येतं, अहवालवाले ६० जण वगळले जातात, आणि आकडा ६८ वरून ५४.५ होतो. अशा वेळी जुन्या पानात गुपचूप आकडा बदलून पाठवू नका. मॅनेजरनी ६८ वर कोणाशी तरी बोलून ठेवलेलं असतं. सर्वांत वर तारखेसह एक ओळ घाला: "बदल: एकूण खर्च ६८ ऐवजी ५४.५ लाख, पहिल्या वर्षी २७.६ ऐवजी २३.५ लाख. कारण पान ७० वरील सुधारित व्याख्या, पुरवठादाराचा ईमेल सोबत." आणि पहिली आवृत्ती तशीच फाइलला ठेवा. करारात ती सुधारित व्याख्या खरोखर उतरली आहे का, हे सहीच्या दिवशी त्या दोन पानांशी ताडून बघायचं असतं.